रडारवरचा मुंजा

मी दिसले की आमच्या नात्यातले लोक आधी आभाळाकडे बघतात आणि मग माझ्याकडे. लग्नात अक्षता हातात असताना मला विचारलंय, "येतोय का न्हाई पाऊस?" तेराव्याच्या पंगतीतही विचारलंय. पूर्वी मला याचा राग यायचा आणि थोडा अभिमानही वाटायचा. राग दाखवायचे, अभिमान लपवायचे. आता दोन्ही गेलं.

बिदरला शेतीच्या हवामानाचं एक छोटं कार्यालय आहे, तिथे मी नोकरी करते. आठवड्यातून दोनदा शेतकऱ्यांसाठी सल्ला लिहायचा, रोज सकाळी अंगणातल्या उपकरणांच्या नोंदी घ्यायच्या, आणि पावसाळ्यात उपग्रहाची व रडारची चित्रं बघत बसायचं. उपग्रह वरून बघतो. ढगाचा माथा किती थंड आहे एवढंच त्याला कळतं. माथा जितका थंड, तितका तो चित्रात पांढरा. पण माथ्याखाली काय चाललंय हे त्याला दिसत नाही. कालच्या वादळाची उरलेली पातळ पांढरी साय आणि आजचा भरलेला ढग, वरून दोन्ही सारखेच गोरेपान दिसू शकतात. रडार मात्र आडवं बघतं. हैदराबादेकडून ते लहरी फेकतं, त्या पावसाच्या थेंबांवर आपटून परततात, आणि जितक्या जोरात परततात तितका चित्रातला रंग भडक. हिरवा, पिवळा, लाल. दर दहा मिनिटांनी नवं चित्र. कोपऱ्यातलं घड्याळ जागतिक वेळेचं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागचं, त्यामुळे नव्या माणसाला वाटतं आपण मध्यरात्रीचं काहीतरी बघतोय.

ही चित्रं शिकवली ती आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी. ते आता निवृत्त आहेत. पाऊस शिकवण्याआधी त्यांनी मला भुतं शिकवली. रडारवर भुतं असतात, हे त्यांचं पहिलं वाक्य. सूर्य मावळायला टेकला की पश्चिमेकडे एक बारीक सरळ रेघ उमटते. तिथे ढग नसतो, रडार थेट सूर्याकडे बघत असतं. कधी पहाटे एखाद्या तळ्याभोवती कडं उमटतं, मोठं मोठं होत जातं आणि विरतं. ती पाखरं, झाडं सोडून चरायला निघालेली. आणि तिसरा हा आमचा मुंजा.

भालकीच्या पश्चिमेला, पठाराच्या कडेला, एक जागा आहे. रात्री आभाळ स्वच्छ असलं की जमीन गार पडते, जमिनीलगतची हवा गार होते, आणि त्या गार थरात रडारची लहर वाकून खाली जाते. मग ती ढगाला नाही, टेकडीला आपटून परत येते. चित्रात भर सकाळी पिवळा डाग, मधोमध लाल ठिपका. खाली मात्र कोरडं ठणठणीत. पिंपळावरचा मुंजा जशी आपली जागा सोडत नाही, तसा हा डाग जागा सोडत नाही, म्हणून सरांनी त्याला मुंजा म्हणायला सुरुवात केली आणि आम्ही पुढे चालवलं. सकाळी चहा घेताना कुणीतरी विचारायचंच, "मुंजा उठला का?" उन्हं चढली की तो आपोआप मावळायचा.

ओळखायची खूण सोपी होती. खरा ढग चालतो. मुंजा हलत नाही. मागच्या तासाभराची चित्रं एकामागून एक फिरवायची. सरकलं तर पाऊस, जागच्या जागी राहिलं तर मुंजा. सर म्हणायचे, "दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं." ही म्हण त्यांनी मुंजासाठी वापरली होती. ती उलट्या बाजूनेही लागू पडते, हे तेव्हा त्यांच्या लक्षात आलं नसावं. माझ्या तर नाहीच आलं.

माझे काका, म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ, खटकचिंचोळीला राहायचे. शेत ओढ्याच्या पलीकडे. ओढ्यावर पूल म्हणजे नुसती फरशी, कठडे नसलेली, हातभर पाणी वाढलं की बुडणारी. आणि पलीकडे गेलं की फोनला रेंज नाही. म्हणून काढणीच्या दिवसांत ट्रॅक्टर फरशीवर घालण्याआधी काका अलीकडे थांबून मला फोन करायचे. त्यांना गावातल्या कुणावर भरवसा नव्हता. व्हॉट्सॲपवर तर अजिबात नाही. त्या आठवड्यात 'धरण फुटलं' अशी एक अफवा गावात फिरून गेली होती, देवळाच्या भोंग्यावरूनही ओरडून झाली होती, आणि अर्धं गाव उगाच माळावर जाऊन बसलं होतं. काका बसले नव्हते. मला विचारून घरीच भाकरी खात होते, आणि ही गोष्ट ते सगळ्यांना सांगत सुटले होते.

सप्टेंबर संपत आला होता. सोयाबीन वाळून काढणीला आलं होतं. आदल्या दिवशी संध्याकाळी तेलंगणाकडून एक मोठं वादळ येऊन गेलं होतं, त्याची साय अजून वर पसरलेली होती. मी सकाळी लवकरच कार्यालयात पोचले. सहा वीसला काकांचा फोन आला.

"काय करायलीस?"

"तुमच्याच फोनची वाट बघतेय."

"आठ बाया घेतल्यात ट्रालीत. फरशीपाशी उभा हाय. वर पांढरं पांढरं दिसायलंय, पण उन्ह येतंय त्यातून. जाऊ का?"

मी चित्र उघडलं. उपग्रहाच्या चित्रात सगळीकडे पांढरट साय, वेगळं काही कळत नव्हतं. रडारवर मुंजा आपल्या जागी बसलेला, पिवळा, मधोमध लाल. तासाभराची चित्रं फिरवली. जागचा हलला नव्हता. बाकी सगळा पडदा मोकळा.

"वर पाऊस न्हाई ना कुठं?" काकांनी विचारलं. त्यांचा ओढा पश्चिमेच्या पठारावरूनच येतो, म्हणून हा प्रश्न ते नेहमी विचारायचे.

"काही नाही. मोकळं आहे. जावा तुम्ही."

उचलली जीभ, लावली टाळ्याला. ट्रॅक्टरचा आवाज वाढलेला ऐकू आला आणि फोन बंद झाला.

सात वाजून गेल्यावर मी नोंदवही घेऊन अंगणात गेले. तारेच्या कुंपणात आमचं सगळं लटांबर असतं: तापमापकांची पांढरी पेटी, पर्जन्यमापक, दव मोजायची पट्टी. वारा अजिबात नव्हता. एरवी त्या वेळी साळुंक्यांचा कलकलाट असतो. त्या दिवशी एकही पाखरू ओरडत नव्हतं, आणि मला उगाचच मागे वळून बघावंसं वाटलं. मागे कुणी नव्हतं. पेटी उघडली. रात्रीचं किमान तापमान नेहमीपेक्षा बरंच चढं होतं. लिहून घेतलं. दवाची पट्टी बघितली, कोरडी. तीही नोंद केली. मग सवयीने चपलेतून पाय काढून गवतावर ठेवला. मला ते पहाटेचं ओलं गवत आवडतं. गवत कोरडं आणि कोमट होतं.

मी तशीच एका पायावर उभी राहिले.

दव नाही, म्हणजे रात्री जमीन गार पडली नाही. वर साय होती, तिने जमिनीची ऊब धरून ठेवली. जमीन गार नाही तर गार हवेचा थर नाही. थर नाही तर लहर वाकणार नाही. मग आज मुंजा उठलाच कशाला?

मी अनवाणी आत धावले.

रडारच्या चित्राला वरच्या आणि उजव्या कडेला दोन अरुंद पट्ट्या असतात. खालच्या रंगांची उंची किती, ते त्यात दिसतं. पण एका ओळीतलं सगळं त्यात एकावर एक पडतं, पावसाच्या दिवसांत त्या नुसता गोंधळ दाखवतात, म्हणून आम्ही त्यांच्याकडे बघणं सोडून दिलं होतं. त्या सकाळी पडद्यावर दुसरं काहीच नव्हतं. मी पट्टीकडे बघितलं. टेकडीचा डाग पट्टीच्या तळाशी चिकटून बसतो. हा तळापासून उठून बारा किलोमीटर वर गेला होता.

मग चित्रं पुन्हा फिरवली, या वेळी डाग मोठा करून, एकेक चित्र थांबवून. डाग जागेवरच होता. पण त्याच्या आत काहीतरी चालत होतं. लाल ठिपके पूर्वेकडे सरकत होते, कडेला येऊन विरत होते, आणि पश्चिमेच्या कडेला त्याच जागी नवे उगवत होते. एक गेला की दुसरा, दुसरा गेला की तिसरा. ढग चालत होते, पाऊस मात्र हलत नव्हता. एकाच पठारावर तो दीड-दोन तास ओतत होता. त्याने मुंजाची जागा घेतली होती, मुंजाचा आकार घेतला होता, आणि मी चहाचा कप हातात धरून त्याला ओळखीचं हसले होते. मी शिकलेली बाई, भुताखेतांवर विश्वास नाही माझा. पण त्या पडद्यासमोर मला भीती वाटली, आणि ती पाण्याची नव्हती. हे मला फसवायला आलंय, असं स्पष्ट वाटलं.

काकांचा फोन लागेना. रेंजच्या बाहेर. मी जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाला कळवलं. त्यांनी तहसीलला सांगतो म्हटलं. मग काकूला लावला. सात बावीस झाले होते.

"काकू, काका कुठं?"

"शेतात. कामून ग?"

"वर पठारावर मोठा पाऊस झालाय. ओढ्याला पाणी येणार."

"कुठला पाऊस? हितं लख्ख उन्ह पडलंय. वाळवणं घालायलेव मी. हातच्या काकणाला आरसा कशाला?"

"काकू, पाऊस तिथं नाही, वर पडतोय. पाणी खाली यायला वेळ लागतो. अजून अर्धा तास असेल, कदाचित तोही नसेल. त्यांना माघारी बोलावू नका. वाटेत फरशीवरच गाठेल त्यांना. पलीकडे आहेत तिथेच वर चढून बसायला सांगा. ओढ्यात कुणी उतरू नका, एवढंच सांगा."

"पण सांगू कसं?"

"मारुतीच्या देवळाचा भोंगा. शेतापर्यंत ऐकू जातो ना?"

"व्हय, जातो." तिचा श्वास ऐकू आला, चालायला लागली होती. मग तिने विचारलं, "तू सांगितलंयस म्हणून सांगू का? त्येंना बरं वाटंल."

इथे मी थांबले. फार नाही, दोन श्वास.

"माझं नाव नको," मी म्हणाले. "नियमात बसत नाही. इशारा तहसीलवाले देतात. नुसतं पाणी येतंय म्हणून सांगा."

नियम आहे, हे खरं आहे. वैयक्तिक नावाने इशारा द्यायचा नसतो. पण त्या क्षणी माझ्या मनात नियम नव्हता. माझ्या मनात भोंगा होता. सगळ्या गावाला ऐकू जाईल की बिदरच्या मॅडमनी सकाळी मोकळं सांगितलं आणि तासाभरात शब्द फिरवला, हे होतं. लाज वाटली मला. नियम मी त्या लाजेवर पांघरला. गेली काही वर्षं मी हे कुणाला सांगितलेलं नाही, आज लिहितेय.

काकूने काम चोख केलं. पाच मिनिटांत भोंगा सुरू झाला, आधी मराठीत, मग कानडीत. वर पाऊस झालाय, ओढ्याला पाणी येतंय, कुणी उतरू नका, पलीकडचे पलीकडेच थांबा. मी फोन कानाला लावून सगळं ऐकत होते. मध्येच काकू म्हणाली, "वढा तर कोरडाच दिसायलाय ग हितून." आणि थोड्या वेळाने म्हणाली, "कुत्री कामून भुंकत न्हाईत?" त्यानंतर तिकडून आधी काहीच नाही आणि मग एक घरघर ऐकू आली, जात्यासारखी, पण थांबत नव्हती. उन्हात, निळ्या आभाळाखाली, पाऊस न पडलेल्या गावात पाणी आलं.

आठही बाया वाचल्या. काका गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी ते दोन कोस खाली, बाभळीत सापडले.

काय झालं ते मला त्या आठ जणींतल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईने सांगितलं. तिसऱ्या दिवशी ती काकूकडे आली होती, उंबऱ्यापाशी बसली. तिला सगळ्या अक्का म्हणतात. बायांना शेतात उतरवल्यावर तासाभराने काकांच्या लक्षात आलं की पिण्याच्या पाण्याची घागर अलीकडेच, फरशीजवळच्या झाडाखाली राहिली. ती आणायला ते पायीच निघाले. तेवढ्यात भोंगा वाजायला लागला.

"आम्ही म्हटलं, अण्णा, थांबा. भोंगा सांगायलाय. तर हासले. म्हणाले, त्या दिशी बी भोंगा असाच वरडला होता, काय झालं? म्हणाले, माझ्या पोरीनं बघून सांगितलंय मला, मोकळं हाय. काई असतं तर भोंग्यात तिचं नाव आलं नसतं का? अन् उतरले."

अक्काला माहीत नव्हतं की ती पोर मीच. काकू चुलीपाशी होती. तिचा हात राखेत थांबला. तिने माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं. ती उठली आणि अक्कासाठी चहा ठेवला.

मला शिक्षा झाली नाही. सकाळी फोनवर पुतणीने काकांना काय सांगितलं, याची कुठल्या दप्तरात नोंद नसते. सरांना मी फोन केला, तर ते म्हणाले, "मीच तुला ती खूण शिकवली." त्यांचा आवाज म्हातारा झालेला होता. त्यांना मी पाऊस कसा चुकला ते सांगितलं, नावाचं नाही सांगितलं. कार्यालयात आता मुंजा हा शब्द कुणी उच्चारत नाही. स्वच्छ सकाळी तो डाग उठतो अजून. मी आधी बाहेर जाऊन गवतावर हात ठेवते, मग उंचीची पट्टी बघते, मग एकेक चित्र थांबवून ठिपके बघते, आणि तरीही खात्री होत नाही. कधी कधी वाटतं तो डाग मला बघतोय. झोपेच्या गोळ्या देणाऱ्या डॉक्टरांना हे मी सांगितलेलं नाही.

त्या सकाळची चित्रं मात्र मी जपून ठेवली आहेत, फोनमध्ये. वर्षश्राद्धाला गावी गेले होते. पाहुणे गेल्यावर काकू जवळ येऊन बसली.

"ती चित्रं हायेत का तुझ्यापाशी? दाखव."

मी नको म्हटलं. तिने पुन्हा तेच म्हटलं, आवाज न चढवता. मी लावली. कोपऱ्यातलं घड्याळ तिला समजावून सांगितलं, साडेपाच तास मिळवायचे. गाव कुठे ते बोटाने दाखवलं, ओढा कुठे, फरशी कुठे. फरशी म्हणजे त्या चित्रात एक चौकोनी ठिपका, तोही रिकामा, रंग नसलेला. डाग त्याच्या डावीकडे. चित्रं पुढे सरकू लागली. साडेसहा, सात, साडेसात. शेवटचं झालं की पहिलं पुन्हा सुरू होतं, ते आपोआप फिरत राहतं.

तिने तीन-चार वेळा बघितलं. डागाकडे तिचं लक्षच नव्हतं, ती त्या रिकाम्या ठिपक्याकडे बघत होती.

"त्येंनी तुला फोन केला तवाचं कुठलं?"

मी पहिलं चित्र दाखवलं, सहा वीसच्या आसपासचं.

"हितं थांबव," ती म्हणाली. "हितं त्ये हायेत."

मी थांबवलं. अंधार पडेपर्यंत आम्ही दोघी ते चित्र बघत बसलो. पडदा विझायला लागला की ती बोट लावायची.